गेल्या रविवारची गोष्ट

पेडणे तालुक्यातली नववीची पोरं भुताला भीत नाहीत तेवढी विनोदिनी टीचरच्या उताऱ्याला भितात, असं म्हणत. कोण म्हणे, तर बहुतेक वेळा विनोदिनी टीचरच.

तालुक्यातल्या हायस्कुलांच्या मराठी शिक्षकांचं एक मंडळ आहे. दर वर्षी हे मंडळ नववीची एक सामाईक चाचणी घेतं. प्रश्नपत्रिकेतला एकेक प्रश्न एकेका शिक्षकाकडे असतो. पत्र एकाचं, निबंध दुसऱ्याचा. आणि ‘कंसातील क्रियापदांची योग्य काळातील रूपे लिहून उतारा पूर्ण करा’ हा प्रश्न कायम विनोदिनी टीचरचा. तिथे दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही, हा अलिखित कायदा. कायदाही त्यांचाच.

लोकांना वाटतं, त्यात काय मोठंसं! एक गोष्ट घ्यायची, तिच्यातली क्रियापदं उचलायची, ‘जाणे’, ‘बसणे’, ‘येणे’ अशी कंसात ठेवायची आणि जागा मोकळी सोडायची. विनोदिनी टीचर अशा लोकांना सांगायच्या, ‘गवंड्याक विचारा. भिंतीतलो चिरो काढून भिंत उभी ठेवूक किती अक्कल लागता ती.’ हे मात्र त्या खरं बोलत. क्रियापद काढून घेतलं तरी गोष्ट कधी घडली ते पोराला कळलं पाहिजे. कुठे ‘काल’ हवं, कुठे ‘रोज’ हवं, कुठे ‘तेवढ्यात’ हवं. तो टेकू नसेल तर पोर अंदाजाने दगड मारतं.

टीचरच्या उताऱ्यांत टेकू पक्के असत. जीव मात्र कमी असे. कष्टाळू मुंगी, परोपकारी डॉक्टर, सकाळी लवकर उठणारा राजू. हा राजू वर्षानुवर्षं लवकर उठत आला आणि त्याचा कंटाळा फक्त पोरांना आला, टीचरना कधीच आला नाही.

तर अशा ह्या जहागिरीत ऋतिका आली.

ती डिचोलीची. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे अशी बस बदलत ती विनोदिनी टीचरच्याच शाळेत नोकरीला यायची आणि तरी पहिल्या तासाला हसत उभी असायची. टीचर पार्शाहून यायच्या, अगदी जवळून, आणि घामाघूम व्हायच्या. पहिला राग इथला. मग पोरं मधल्या सुट्टीत तिच्या मेजाभोवती गोळा व्हायला लागली. मग एक दिवस विनोदिनी टीचरच्या स्वतःच्या वर्गात, ‘अपूर्ण भूतकाळ’ फळ्यावर लिहून होतो न होतो तोच, मागच्या बाकावरून आवाज आला, ‘टीचर, ऋतिका टीचर ह्या गजालीतसून शिकयता.’ म्हणजे गप्पागोष्टींतून शिकवते! टीचरनी त्या पोराला उभं केलं आणि मुंगीचा अख्खा उतारा त्याच्याकडून वाचून घेतला.

हेवा हा असा असतो. दुसऱ्याच्या घरात दिवा लागला की आपल्या घरात अंधार पडल्यासारखं वाटतं, खरं तर आपला दिवा जसाच्या तसा जळत असतो. विनोदिनी टीचरना हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण कळून हेवा गेला असता तर शिकल्यासवरल्या माणसांत तो औषधालाही सापडला नसता.

ह्या वर्षी मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष कृष्णनाथ सरांनी चहा पिता पिता बॉम्ब टाकला.

‘ह्या वर्सा उतारो ऋतिका काढतली. विनोदिनी टीचर, तुमी तपासणी करा. तुमचो अनुभव मोठो.’

अनुभव मोठा म्हणजे खुर्ची धाकट्याला, हे टीचरना लगेच समजलं. त्यांनी चहा खाली ठेवला.

‘माज्या उताऱ्याक काय झाला?’

‘काय जाऊक नाय. पण पुस्तिकेचा ठरवूचा आसा मगे. नव्या माणसाचाय बघूया.’

पुस्तिका! हीच तर मेख होती. पुढच्या जूनपासून मंडळ अशा उताऱ्यांची सराव पुस्तिका छापणार होतं. पेडणे आणि डिचोली, दोन्ही तालुक्यांतल्या शाळांत ती जाणार होती. मुखपृष्ठावर संपादक म्हणून एकच नाव. ते कुणाचं, हे ह्या चाचणीनंतर ठरणार. विनोदिनी टीचर लवकरच निवृत्त व्हायच्या होत्या. सगळी हयात त्यांनी दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांवर बोट ठेवून शिकवण्यात घातली होती. एकदा, फक्त एकदा, छापील पुस्तकावर आपलं नाव बघायचं होतं. पोरंबाळं नव्हती, नाव चालवायला दुसरं काहीच नव्हतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

मंडळात गुप्ततेचा एक नियम आहे. प्रश्न काढणाऱ्याने तो बंद पाकिटात तपासनिसाकडे द्यायचा आणि मग हात झटकायचे. चाचणी होईपर्यंत त्याला छापील पत्रिका दाखवायची नाही. तपासनिसाला मात्र सगळं करता येतं. चूक दिसली तर सुधारायची आणि पत्रिका एका कागदाच्या दोन बाजूंत बसवायची. जास्त पानांचा खर्च मंडळ करत नाही. ओळ जास्त झाली तर तपासनीस ती छाटतो, कुणाला विचारत नाही. आजवर तपासनीस रेश्मा टीचर असायच्या, इब्रामपूरच्या. त्यांनी विनोदिनी टीचरच्या उताऱ्याला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

पाकीट आलं. दुपारी स्वतःचं जेवण उरकून टीचरनी जनेलापाशी, म्हणजे खिडकीशी, मेज ओढून घेतलं, चष्मा पुसला, लाल पेन उघडलं. चुका काढायची इतकी ओढ त्यांना कधी लागली नव्हती. उतारा असा होता:

‘गेल्या रविवारची गोष्ट.

मी आईबरोबर केरीला ____ (जाणे). धक्क्यावर आम्ही ____ (पोहोचणे) तेव्हा फेरीबोट ____ (सुटणे). पलीकडे तेरेखोलला मामा आमची वाट ____ (पाहणे). आई पायरीवर ____ (बसणे) आणि डब्यातले भाजलेले काजू बाहेर ____ (काढणे). पुढची बोट ____ (येणे), तोवर डबा रिकामा ____ (होणे).’

टीचरनी तो एकदा वाचला. मग रीतसर सोडवला. गेले, पोहोचलो, सुटली होती, पाहत होता, बसली, काढले, आली, झाला होता. प्रत्येक जागा आपल्या उत्तराला बरोबर बसत होती. साधा भूत होता, पूर्ण भूत होता, अपूर्ण भूतही होता. पहिल्या ओळीने दिवस सांगून टाकला होता, त्यामुळे पुढे कुठे शंकेला जागा नव्हती. त्यांनी उलट बाजूने सोडवून पाहिला. ढ पोराच्या डोक्याने सोडवून पाहिला. लाल पेन कोरडंच राहिलं.

तेवढ्यात सदाशिव, म्हणजे टीचरचा नवरा, बाजारातलं दुकान बंद करून जेवायला आला. त्याने उभ्या उभ्याच कागद वाचला.

‘गे, ह्या वाचून काजू खावचे दिसले माका.’

‘गुपित कागद आसा तो. ठेव खाली.’

‘तुजोच मगे? बरो लिवलंस ह्या वर्सा. ता मुंगीचा नाय घेतलंस ता बरा केलंस.’

टीचरनी त्याला ताट वाढलं आणि आमटी जरा जास्तच जोरात ओतली. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाने त्यांचा उतारा कधी पुरता वाचला नव्हता. आणि आज वाचला तो सवतीचा! हो, सवतीचाच, टीचरच्या मनात हाच शब्द आला. ऋतिकाने त्यांचा नवरा पळवला नव्हता, पण हक्क पळवला होता, आणि त्या दुपारी ह्यात त्यांना फारसा फरक दिसेना.

सदाशिव जेवून पडवीत आडवा झाल्यावर त्यांनी सगळी पत्रिका जुळवली. शेवटच्या प्रश्नाची एक ओळ तिसऱ्या पानावर जात होती. एकच ओळ. छाटायला जागा हवी तेवढी होती. पत्रलेखनात पत्ता ऐसपैस पसरला होता. सूचना तर दोनदा छापलेल्या होत्या. दुसरं कुणी असतं तर पत्त्यावरच पेन चाललं असतं.

पण ‘गेल्या रविवारची गोष्ट’ ही ओळ एकटीच उभी होती. तीन शब्द, आणि अख्खी ओळ खाऊन बसलेली.

टीचरनी तिच्यावर लाल रेघ मारली. चुकून नव्हे, घाईत नव्हे. टेकू कुठला आणि चिरा कुठला हे तालुक्यात त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? रेघ मारून झाल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी उठून स्वतःसाठी परत चहा केला आणि साखर जरा जास्तच घातली.

चाचणी झाली. उत्तरपत्रिका तपासायला सगळे शिक्षक पेडण्याच्या एका शाळेच्या हॉलमध्ये जमले. रीत अशी की आपल्या शाळेचा गठ्ठा आपण तपासायचा नाही. ह्याचा त्याला, त्याचा ह्याला. प्रत्येकासमोर उत्तरांचा छापील नमुना. उताऱ्याचा नमुना ऋतिकाने पाकिटासोबत दिला होता तोच, सगळा भूतकाळातला.

विनोदिनी टीचर दाराजवळची जागा धरून बसल्या. तिथून सगळा हॉल दिसत होता. त्यांना बघायचं होतं.

पहिली ठिणगी रेश्मा टीचरकडून पडली.

‘अगो, ह्या काय? हेनी लिवलां, मी केरीला जाते, बोट सुटलेली असते. आणि नमुन्यात ‘सुटली होती’. चूक धरू?’

‘माज्याकडल्यान जाईन, पोहोचू, सुटलेली असेल, असा लिवलां,’ पलीकडून कुणीतरी म्हणालं.

‘माजो एक तर बोलीतच ‘सुटान गेल्ली’ लिवता!’

हॉलमध्ये हशा पिकला. पण हसता हसता लाल पेनं थांबत गेली. अर्ध्याअधिक पोरांनी उतारा भूतकाळात लिहिला होता, उरलेल्यांनी काय वाटेल ते. आणि वाईट असं की त्यांचं चूक म्हणता येईना. कृष्णनाथ सरांनी पत्रिका डोळ्यांजवळ नेली.

‘ऋतिका, गजाल कधीची ती खंय सांगलीस? काल म्हणूक नाय, उद्या म्हणूक नाय. पोरांनी काळ वळखूचो कसो? अशान पुस्तिका काढूक गावतली?’

विनोदिनी टीचरच्या अंगात गार वारा शिरावा तसं सुख शिरलं. आता! आता ती रडेल. नाहीतर ओरडेल, पाकिटातली नक्कल दाखवा म्हणेल, आणि तपासनिसावर आळ घेणारी उर्मट पोरगी ठरेल. ओळ छाटायचा हक्क तपासनिसाचा होता. कागद दोन बाजूंत बसवायचा होता. उत्तर तयार होतं, कालपासून घोकलेलं.

ऋतिकाने छापील पत्रिका हातात घेतली. ती पहिल्यांदाच बघत होती. उताऱ्याच्या वरची मोकळी जागा तिने पाहिली, मग मान वर करून हॉलभर पाहिलं, आणि नजर दाराजवळ येऊन थांबली. टीचरनी नजर हलवली नाही. हलवणार कशाला? मुलीचा चेहरा पांढरा पडला होता. टीचरना तो बघवला. छान बघवला.

‘सर, उतारो माजो,’ ऋतिका म्हणाली. ‘माका चाय होयसर वेळ दिया. सगळे गठ्ठे हंय हाडा.’

चहा आला, बरोबर पाव-भाजी आली. सगळे खायला उठले. ऋतिका एकटीच गठ्ठ्यांशी बसली आणि एकेक उत्तरपत्रिका उलटत राहिली. तिचा पाव तसाच राहिला. टीचरनी मात्र भाजी पुन्हा घेतली.

कपबशा गोळा झाल्यावर ऋतिका उभी राहिली. तिच्या हातात तीन उत्तरपत्रिका होत्या.

‘नमुनो बाजूक ठेवया,’ ती म्हणाली. ‘उताऱ्यात दिवस सांगूक नाय, तेचो दंड पोरांक कित्याक? एक नियम करूया. पोरान पयल्या जागेत जो काळ धरलो, तो शेवटपर्यंत सांबाळलो काय, ता बघूचा. सांबाळलो तर पुरे मार्क. मदीच सुटलो तर थंयच्या जागेचे कापूचे.’

आणि तिने वाचून दाखवलं. पहिलं पोर भूतकाळातलं. बोट सुटली होती, मामा वाट पाहत होता, डबा रिकामा झाला होता. गोष्ट घडून गेली होती. दुसरं वर्तमानकाळातलं. मी आईबरोबर केरीला जातो, आम्ही पोहोचतो तेव्हा फेरीबोट सुटलेली असते, मामा वाट पाहत असतो. हॉलमधले दोघेतिघे मान डोलवायला लागले. शब्द तेच होते, पण हे पोर नेहमी जाणारं होतं आणि दर खेपेला त्याची बोट चुकत होती. तिसरं भविष्यकाळातलं. मी आईबरोबर केरीला जाईन. आम्ही पोहोचू तेव्हा फेरीबोट सुटलेली असेल. आई पायरीवर बसेल. हे पोर अजून कुठेच गेलं नव्हतं. काजूसुद्धा अजून डब्यात होते.

विनोदिनी टीचर पुढे वाकून ऐकत होत्या. इतकी वर्षं त्यांनी काळ शिकवले. तीन काळ म्हणजे तीन माणसं, हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. राजू भूतकाळात उठो नाहीतर भविष्यकाळात, तो राजूच राहायचा.

‘शाबास!’ कृष्णनाथ सर टेबलावर हात मारून म्हणाले. ‘पुस्तिका अशीच करूया. उतारो एक, काळ तीन. दिवस पोरांनी ठरवूचो. असा खंय बघूक नाय. ऋतिका, नाव तुजा.’

संपलं. टीचरनी स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव पुसलं होतं. त्यांनी लाल रेघ मारली नसती तर उतारा चांगला ठरला असता, एवढंच. कदाचित पुस्तिका तरीही त्यांच्याकडेच आली असती. रेघेमुळे तो उतारा तालुक्यात गाजला. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं. त्यांनी ते पदराने टिपलं आणि शेजारणीला सांगितलं, भाजी तिखट होती.

पण ऋतिका खाली बसली नव्हती.

‘सर, नाव दोगांचा घाला. हेच्यात पयली एक ओळ होती. गेल्या रविवारची गोष्ट. ती मी लिवलेली. ती काढली विनोदिनी टीचरनी. ती ऱवली आसती तर एकच उत्तर इला आसता. माका ती काढूक सुचली नसती.’

हॉलभर टाळ्या. रेश्मा टीचर तर उठून येऊन हात हातात घेऊन गेल्या. ‘बघा, जुना ता सोना!’ त्या म्हणाल्या. विनोदिनी टीचर हसल्या. हसावंच लागलं. आणि हसता हसता त्यांना कळलं की आता त्यांना ऋतिकाचा पूर्वीपेक्षा जास्त हेवा वाटतोय. आधी उताऱ्याचा वाटत होता. उतारा काय, आज नाही तर उद्या आपणही लिहू. पण एवढं मन कुठून आणायचं? ते बाजारात मिळत नाही आणि घोकूनही येत नाही.

जूनमध्ये पुस्तिका छापून आली. मुखपृष्ठावर ‘संपादन : विनोदिनी, ऋतिका’, वयाच्या मानाने आधी विनोदिनी. सदाशिवने दुकानात गल्ल्यापाशी एक प्रत उभी करून ठेवली आणि नारळ घ्यायला येणाऱ्यांनाही दाखवली. टीचरनी ती घरी एकदाही उघडली नाही. ज्या नावासाठी जीव टाकला होता ते समोर होतं आणि तिकडे बघवत नव्हतं. शेजारच्या नावाचा राग येत होता, आणि आपल्या नावाचा त्याहून जास्त.

पुस्तिकेची ओळख करून द्यायला डिचोलीच्या शिक्षकांनी दोघींना बोलावलं. ऋतिकाच्या गावात, ऋतिकाच्या माणसांत. टीचर म्हणाल्या येत नाही, पाय दुखतात. कृष्णनाथ सर गाडी घेऊन दारात आले, मग जावं लागलं. ऋतिकाने उतारे समजावून सांगितले, पोरांना दिवस कसा ठरवू द्यायचा ते सांगितलं. सगळ्यांनी लिहून घेतलं. मग एक तरुण शिक्षक उभा राहिला.

‘विनोदिनी टीचर, तुमकां विचारपाचें आसा. इतली बरी ओळ. ती काडून उडोवपाचें तुमकां सुचलें कशें?’

सगळे वळून बघायला लागले. टीचरकडे उत्तर होतं, तपासणीच्या दिवसासाठी घोकलेलं, कागदाच्या दोन बाजूंचं. त्याहून चांगलंही होतं, ऋतिकाने आयतं हातात दिलेलं. पोरांना विचार करायला लागावा म्हणून. दोन्ही जिभेवर होती. पण समोरून पहिल्या रांगेतून ऋतिका बघत होती, पेडण्याच्या हॉलमध्ये बघितलं होतं तशीच. आणि टीचरना त्या बघण्याचा एकदम कंटाळा आला.

‘हेवो वाटलो म्हणान,’ त्या म्हणाल्या. ‘तिचो उतारो माज्यापेक्षा बरो होतो. म्हणान तेचो पाय तोडलंय.’

सगळे खो खो हसले. काय विनोदी बाई आहेत! तो तरुण शिक्षक तर टाळी वाजवायला लागला. कृष्णनाथ सर डोळे पुसत म्हणाले, ‘नावच विनोदिनी मगे!’ टीचर उभ्याच राहिल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरं बोलल्या होत्या आणि ते कुणी घेतलं नव्हतं.

ऋतिका हसली नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती व्हरांड्यात टीचरच्या शेजारी येऊन उभी राहिली. सर गाडी वळवत होते.

‘माका ठावक होता,’ ती म्हणाली. ‘तवाच. पत्रलेखनातलो पत्तो तसोच होतो. ओळ वाचवची आसती तर तो कापलो आसतो.’

‘मगे सांगलंस कित्याक नाय?’

‘राग इलो होतो. इतको इलो, की वाटला तुमका थंयच उगडा करूया. मगे पोरांचे पेपर वाचले. राग आसाच अजून. पण ओळ काढलेलीच बरी दिसता, हेका मी काय करू?’

माफी मागायची तर टीचरना ती मागायची सवय नव्हती, आणि ती मिळाली असती तर आणखीच सोसवली नसती.

‘माजा नाव काढ त्या पुस्तिकेरसून,’ त्या शेवटी म्हणाल्या. ‘दुसऱ्या छपाईक काढ.’

‘नाय. नाव ऱवतला.’ ऋतिकाने पिशवी खांद्यावर घेतली. ‘पण ह्या वर्सा उतारो तुमी काढूचो. मुंगी नको, राजू नको. तुमचो सोताचो. आणि पाकीट माज्याकडे दियाचा. तपासणी मी करतलंय.’

एवढं बोलून ती बसस्टॉपच्या दिशेने निघून गेली.

गाडीत कृष्णनाथ सर वाटभर विनोदिनी टीचरच्या विनोदाची तारीफ करत होते. टीचर ऐकत नव्हत्या. मांडीवरच्या पर्समधून त्यांनी एक जुनं पाकीट काढलं होतं आणि त्याच्या पाठीवर त्या लिहायला लागल्या होत्या. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. स्वतःचं असं काही लिहायला घेतलं की ते किती उघडं पडतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पहिलीच ओळ झाली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ऋतिकाचं लाल पेन उभं राहिलं. आणि नोकरीत पहिल्यांदाच, नववीतल्या पोरासारखी, त्यांना उताऱ्याची भीती वाटली.